फ्रोझन डेझर्ट की आईस्क्रीम?

प्रश्न: फ्रोझन डेझर्टमध्येही दूध असतंच, मग त्यात आणि आईस्क्रीममध्ये खरा फरक काय? पॅकवरून कसं ओळखायचं?

आमच्या घरी तीन पिढ्या डेअरीला दूध घालतात. रोज सकाळी केंद्रावर फॅट मोजतात आणि त्यावर दर ठरतो. फॅट थोडी कमी लागली की वडिलांचा चेहरा उतरतो. म्हणून "दूध असतंच की" हे वाक्य मला लागतं. दुधातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे फॅट, आणि फ्रोझन डेझर्टमध्ये नेमकी तीच बदललेली असते. दुधाची भुकटी राहते, फॅट मात्र पामतेलासारख्या वनस्पती तेलाची येते.

भाचीच्या बारशाला आईस्क्रीम मामाकडून, म्हणजे माझ्याकडून होतं. केटररला स्पष्ट सांगितलं होतं आणि त्याने बिलातही "आईस्क्रीम" असंच लिहिलं. पंगत उठल्यावर रिकामे डबे पाहिले, तर ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत "फ्रोझन डेझर्ट". मी पैसे कापायला निघालो तर दाजी मध्ये पडले. "अरे, पोरांनी दोन-दोनदा मागून खाल्लं. दूधच आहे त्यात, सगळं एकच."

एकच नाही. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार साध्या आईस्क्रीममध्ये किमान 10 टक्के फॅट दुधाची लागते. फ्रोझन डेझर्टमध्येही एकूण फॅट किमान 10 टक्केच, पण ती वनस्पती तेलाची चालते. त्या तेलाचा वितळणबिंदू 37 अंशांच्या वर नसावा अशी अट आहे, म्हणजे ते तोंडातल्या उबेला वितळावं. प्रथिनं दोन्हीकडे किमान 3.5 टक्के. म्हणून चमचाभर खाऊन फरक सहज कळत नाही, आणि "हळू वितळलं म्हणजे तेलाचं" ही ओळखही खोटी आहे. वितळण्याचा वेग स्टॅबिलायझरवर आणि आत किती हवा भरली आहे त्यावरही ठरतो.

त्या दिवशी मी डबा उलटून दाजींसमोर धरला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पाणी, साखर, मिल्क सॉलिड्स आणि लगेच एडिबल व्हेजिटेबल ऑइल. क्रीम किंवा बटर कुठेच नाही. मग पोषणाचा तक्ता पाहिला. तिथे फॅटची ओळ आणि कोलेस्टेरॉलची ओळ एकत्र वाचायची. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. 100 ग्रॅममध्ये 10 ग्रॅम फॅट दुधाची असेल तर कोलेस्टेरॉल साधारण 25-30 मिलिग्रॅम निघतं. आमच्या डब्यावर फॅट 10 च्या वर आणि कोलेस्टेरॉल 3 मिलिग्रॅम होतं. दाजी म्हणाले, "मग चांगलंच की, कोलेस्टेरॉल कमी!"

चोकोबार घेताना मात्र यादी नीट वाचा. आतलं आईस्क्रीम खरं असूनही बाहेरच्या चॉकलेटी थरात तेल असू शकतं. यादीत थराचे घटक सहसा वेगळे दिलेले असतात, नुसता "ऑइल" शब्द पाहून पॅक परत ठेवू नका. "मीडियम फॅट" लिहिलेलं आईस्क्रीमही दुधाचंच असतं, त्यात फॅट कमी म्हणून कोलेस्टेरॉलही कमी दिसतं. आणि मिलिलिटरवर भुलू नका, ग्रॅम बघा. नियमात लिटरला किमान 525 ग्रॅम वजन आहे, म्हणजे 700 मिलीच्या डब्यात 370 ग्रॅमच्या आसपास माल असला तरी तो नियमात बसतो. हे दोन्ही प्रकारांना लागू आहे.

फ्रोझन डेझर्ट म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. ते कायदेशीर आहे, आणि तेल म्हणजे डालडा नव्हे. 2017 मध्ये अमूलने जाहिरातीत तसं सुचवलं, तेव्हा फ्रोझन डेझर्ट विकणारी हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ती जाहिरात थांबवली. सॅच्युरेटेड फॅटही दुधाच्या फॅटमध्ये पामतेलापेक्षा जास्तच असते, त्यामुळे तब्येतीच्या नावाने आईस्क्रीमची बाजू मी घेणार नाही. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांना मात्र दोन्ही वर्ज्य, कारण दुधाचे घटक दोन्हीकडे आहेत.

माझा मुद्दा पैशांचा आहे. आमच्या दुधाला पॉइंट-पॉइंटने फॅट मोजून दर देतात, तर आईस्क्रीमचे पैसे घेणाऱ्यानेही फॅट दुधाचीच द्यावी. फ्रोझन डेझर्ट द्यायचं तर तेच नाव बिलात लिहावं आणि दर तसा लावावा. केटररने शेवटी फरकाची रक्कम परत केली. दाजी अजून म्हणतात की मी बारशाचा विचका केला. पुढच्या कार्यात ऑर्डर त्यांनी द्यावी, डबे मी वाचेन.