अंगठ्याचा सांधा आखडलाय, जाड सोलचा रॉकर बूट घ्यावा का?

"वय ५२, लातूर. रोज सकाळी ५-६ किमी पळतो. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, अंगठा वर वळत नाही. दुकानदार जाड कुशनचा, पुढून वर वळलेला बूट घ्या म्हणतोय. गुडघाही अधूनमधून दुखतो. घ्यावा का?"

दादा, अंगठ्यासाठी घ्या, पण गुडघ्यावर लक्ष ठेवून.

पाऊल मागे रेटताना टाच उचलली जाते आणि अंगठा मुळाशी वर वळतो. तुमचा सांधा तिथेच अडतो, म्हणून कळ येते. रॉकरचा सोल कडक असतो आणि चवड्याखाली गोलावा दिलेला असतो. त्यामुळे अंगठा वळण्याऐवजी अख्खा बूटच पुढे कलतो. पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेलाही रेटा कमी द्यावा लागतो, म्हणून ती शीर दुखणाऱ्यांनाही हा बूट मानवू शकतो. मात्र घोट्याचं कमी झालेलं काम थोडंफार गुडघ्याकडे सरकतं. तुमची खरी अडचण ही आहे.

दुकानात आधी बुटाचं टोक आणि टाच धरून वाकवून बघा. चवड्यापाशी सहज दुमडला तर तो नुसता दिसायला रॉकर आहे, तुमच्या कामाचा नाही. मग पायात घालून गोलावा कुठून सुरू होतो ते बघा. तो अंगठ्याच्या सांध्याच्या किंचित मागे हवा. बोटं मोकळी राहावीत म्हणून एक नंबर मोठा घेतला की गोलावा सांध्याच्या पुढे जातो आणि अंगठ्याला पुन्हा वळावं लागतं. रुंदी हवी असेल तर त्याच नंबरात रुंद पंजाचा बूट मागा. सांध्यावर वरून हाडाचा उंचवटा आला असेल तर तिथलं कापड मऊ हवं, नाहीतर घासून सोलवटेल.

जाड कुशनमुळे गुडघ्याचा धक्का आपोआप कमी होईल असं मात्र धरू नका. खाली मऊ लागलं की आपण नकळत पाय जास्त ताठ ठेवून उतरतो. २०१८ च्या एका प्रयोगात वेगात पळताना जाड कुशनच्या बुटात धक्का उलट जास्त भरला होता.

पळता कुठे तेही महत्त्वाचं. डांबरी रस्ता किंवा मैदानाचा ट्रॅक असेल तर ठीक. काळ्या रानातल्या पायवाटेवर मात्र हा बूट नको. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात तळाला थापलेला चिखल, आणि त्यात पाय जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर, मऊ फोमवर. घोटा मुरगळायला वेळ लागत नाही.

सुरुवातीला एक दिवसाआड, दोन किलोमीटरच पळा, बाकी जुन्या बुटात चाला. अंगठ्याची कळ कमी झाली आणि गुडघा होता तसाच राहिला तर दर आठवड्याला थोडं वाढवा. जिना उतरताना वाटीभोवती दुखायला लागलं तर हा बूट फक्त चालायला ठेवा; चालतानाही अंगठ्याला त्याचा फायदा मिळतोच. आणि सांधा लाल, गरम होऊन सुजत असेल तर बुटाआधी युरिक अॅसिडची तपासणी करून घ्या.