लग्नाचा मेसेज मराठीत आणताना

तुझा मसुदा वाचला. मूळ इंग्रजी मेसेज मित्रांच्या ग्रुपवरचा आहे आणि तू लिहिलंयस, ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.’ ही पत्रिकेची भाषा झाली. कोल्हापुरात मित्राला असं पाठवलं, तर तो विचारेल, ‘काय रे, रागावलायस का?’

मूळ वाक्याचा अर्थ असा: तुम्ही आलात तर मला फार आवडेल, जमेल का ते कळवा. इंग्रजीत ही जवळीक आहे. मराठीत मात्र ‘जमलं तर या’ म्हटलं की बोलावणं कोरडं वाटतं. आपल्याकडे माया आग्रहातून दिसते, म्हणून मी असं लिहीन:

‘अरे ऐका, लग्न ठरलं माझं! रविवारी १२:३५ ला अक्षता आहेत. सगळ्यांनी यायचंच, कारणं चालणार नाहीत. घरच्यांनाही आणा. कोण कोण येणार ते बुधवारपर्यंत सांगा, जेवणाचा आकडा द्यायचाय.’

ग्रुपला ‘या’, एकट्याला ‘ये’. ‘आपण’ कुठंच नको. शेवटच्या वाक्यात कारण दिलंय, त्यामुळं उत्तर मागणं रुक्ष वाटत नाही. ‘लगीन’, ‘लई’ मात्र पाठवणारा स्वतः तसं बोलत असेल तरच घाल.