आधी ढग जमू दे, रिप्रोजेक्शन मग

भाऊ, शेडरमध्ये ढगातून किरण चालवताना 64 चे 32 स्टेप केल्यावर तुझा ढग विरळ झाला, म्हणजे घनतेला स्टेपच्या लांबीने गुणायचं राहिलं. सुरुवातीला सगळेच इथे अडकतात.

```
T *= exp(-sigma * dt);
```

`T` म्हणजे किरणात उरलेला उजेड, `sigma` म्हणजे घनता, `dt` म्हणजे स्टेपची लांबी. 1600 मीटर जाडीचा थर, 64 स्टेप, म्हणजे `dt` 25 मीटर. `sigma` 0.02 धरली तर एका स्टेपमधून 0.61 उजेड पार होतो. 32 स्टेप केले की `dt` 50 आणि उत्तर 0.37, म्हणजे 0.61 चा वर्ग. ढग तेवढाच दाट राहतो. `T` 0.01 च्या खाली गेला की लूप तोड. जुन्या लॅपटॉपला तेवढाच आराम.

नॉईजचे दोनच थर घे: मोठ्याने आकार, बारक्याने फक्त कडा कुरतडायच्या. बारका नॉईज सगळीकडे लावला की ढग न दिसता वेचलेल्या कापसाचा ढीग दिसतो. उजेडासाठी सूर्याकडे 6 नमुने पुरतात, तिथे बारका नॉईज नकोच. पट्टे दिसले तर स्टेप वाढवू नको, किरणाची सुरुवात प्रत्येक पिक्सेलला थोडी मागेपुढे कर.

रिप्रोजेक्शनमध्ये दर फ्रेमला 16 पैकी एकच पिक्सेल नव्याने काढतात, बाकीचे मागच्या फ्रेममधून येतात. पण एक फ्रेम धड दिसेपर्यंत त्याला हात लावू नको, नाहीतर कॅमेरा फिरवल्यावर मागे राहणारी सावली कुठून आली ते कळणार नाही.