नोकरी सोडून डिस्लेक्सियाच्या मुलांना घरी शिकवू का?

«मी मानपाड्याला राहते. वय ३८, बी.एड. आहे. ठाण्यातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत चार वर्षं प्राथमिकला शिकवते. हातात ३२,००० पडतात, मूळ वेतन २०,०००, पीएफ माझा आणि शाळेचा मिळून महिना ३,६००. मिस्टरांचा पगार ६२,०००. घरकर्जाचा हप्ता ३४,०००, घरखर्च साधारण ४२,०००. सहा लाखांची एफडी आहे. वर्गात वाचताना अडखळणारी मुलं बघून वाटतं, आपण या मुलांनाच घरी शिकवावं. आमच्या भागात एका सेशनचे ६०० ते ८०० घेतात. एफडी मोडून साडेतीन लाखांत एक खोली तयार करायची आणि ८५,००० चा तीन महिन्यांचा ऑनलाइन ‘डिस्लेक्सिया स्पेशालिस्ट’ कोर्स करायचा, असा विचार आहे. मार्चमध्ये राजीनामा देऊ का? की नोकरी सांभाळून संध्याकाळी सुरू करू?»

ताई, आधी दुसरा पर्याय बाजूला करू. तोच सर्वांत सुरक्षित वाटतो आणि घरचेही बहुधा तोच सुचवत असतील. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शिवाय बहुतेक शाळांच्या नेमणूकपत्रातही तशी अट असते. नोकरीत असताना फी घेऊन मुलं घेऊ नका. या व्यवसायात मुलं येतात ती शाळांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या शिफारशीवर. सुरुवातच शाळेशी वादाने झाली, तर पुढे ठाण्यात शिफारस करणार कोण?

आता राजीनाम्याचं. येत्या मार्चमध्ये देऊ नका. दोन वर्षांनी, प्रशिक्षण पूर्ण करून द्या. असं का म्हणतो ते आकड्यांत बघू.

ही मुलं एकेकटीच शिकतात. पाचजणांची बॅच केली की ती नेहमीची ट्यूशन होते आणि पालक रेमेडियलची, म्हणजे अशा मुलांसाठीच्या खास शिकवणीची, फी देणं थांबवतात. मुलं शाळेतून येऊन जेवून तयार होणार साडेतीनला आणि साडेसातनंतर त्यांचं डोकं चालत नाही. मधल्या चार तासांत चार सेशन बसतात. पाच दिवसांची वीस. एका मुलाला आठवड्यातून किमान दोनदा यावं लागतं, त्याहून कमी केलं तर मागचं विसरतं. म्हणजे तुमची कमाल मर्यादा दहा मुलं. कितीही नाव झालं तरी अकरावं मूल बसवायला जागा नाही.

दहा मुलं, महिन्याला आठ सेशन, ६०० रुपये, म्हणजे ४८,०००. हा आकडा ३२,००० शेजारी ठेवला की राजीनामा लिहावासा वाटतो. पण मे महिन्यात कोणी येत नाही, एप्रिल आणि दिवाळीचा महिना अर्धा जातो. वर्षाला दहा महिन्यांचीच फी धरा, ४,८०,०००. ताप, लग्नं, सहामाही परीक्षा यांत दहावा हिस्सा गळतो. साहित्य, वीज, वह्या-पत्ते आणि अनुभवी शिक्षिकेकडून अधूनमधून घ्यायचं मार्गदर्शन यांना महिना ३,००० लावा. उरतात वर्षाला ३,९६,०००.

तुमची नोकरी मात्र पगार आणि पीएफ धरून ४,२७,००० च्या वर जाते. त्यात ग्रॅच्युइटीचे दरवर्षी जमणारे साधारण साडेअकरा हजार वेगळे. म्हणजे सगळ्या जागा भरल्यावरही ६०० च्या दराने तुम्ही आजच्यापेक्षा थोड्या मागेच राहता, आणि सगळ्या जागा भरायला बहुधा दोन वर्षं लागतात. तेच गणित ८०० ने करा. वर्षाला ५,४०,००० उरतात, नोकरीपेक्षा लाखभर जास्त. मुलं तेवढीच, तास तेवढेच. सगळा निर्णय या दोनशे रुपयांवर उभा आहे. म्हणून पैसे खोलीवर घालण्याआधी, ८०० रुपये कोणाला मिळतात ते बघा.

ते मिळतात मान्य प्रशिक्षण आणि हाताखालून गेलेली मुलं, दोन्ही असणाऱ्यांना. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचा एक प्रकार आहे, आणि स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदणीत नाव लागतं. ते नाव परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमानेच लागतं, उदाहरणार्थ अध्ययन अक्षमता हा विषय घेऊन केलेलं बी.एड. विशेष शिक्षण. तीन महिन्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर ‘स्पेशालिस्ट’ छापलेलं असलं तरी नोंदणी क्रमांक मिळत नाही. ८५,००० भरण्यापूर्वी त्या संस्थेला एकच प्रश्न विचारा, या कोर्सनंतर परिषदेत नोंदणी होते का? उत्तर लेखी मागा. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून याच मुलांसाठी काम करते, तिच्याकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. मान्य अभ्यासक्रमात प्रत्यक्ष मुलांबरोबरचं काम असतं. ते नोकरी सांभाळून जमतं का, की त्यासाठी बिनपगारी रजा घ्यावी लागेल, हे प्रवेशाआधी विचारा. रजा लागली, तर तेवढे महिने पुढच्या हिशेबातून वजा करा.

माझ्या क्लायंटपैकी नौपाड्यातल्या एक रेमेडियल शिक्षिका आहेत. त्यांचा जमाखर्च मी अनेक वर्षं बघतो, त्यामुळे पैसे कुठे गळतात ते मला ठाऊक आहे. सुरुवातीला त्यांच्याकडे तिसरीतला एक मुलगा आला. कविता तोंडपाठ, बोलण्यात हुशार, पण ‘शिप’ एवढा इंग्रजी शब्द वाचता येईना, बी आणि डी उलटसुलट. अशा मुलाला आधी शब्दातले आवाज कानाने सुटे करायला शिकवायचं, मग एक आवाज आणि एक अक्षर यांची जोडी लावायची, वाळूवर बोट फिरवत, तोंडाने उच्चारत. मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही. सोमवारी आलेलं गुरुवारी पुसलेलं असतं, पुन्हा घ्यावं लागतं. पण पहिल्याच महिन्यात आई विचारू लागली, ‘शुक्रवारी ईव्हीएसची टेस्ट आहे, आज तेवढं करून घ्याल का?’ बाईंना नाही म्हणवेना. सेशन टेस्टच्या तयारीत जाऊ लागली. गुण दोन-चार वाढले. मार्चमध्ये आईने हिशेब मांडला, इतके महिने फी भरली आणि अजून वाचता येत नाही. मुलगा गेला, आणि त्याच सोसायटीतल्या दोन चौकशाही थांबल्या.

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या, त्या तुम्ही जशाच्या तशा घ्या. पहिल्याच भेटीत लिहून द्यायचं, इथे गृहपाठ आणि टेस्टची तयारी होणार नाही. आणि दर दोन महिन्यांनी पालकांसमोर एक मिनिटाचं वाचन घ्यायचं. कागदावर मुलाने कधी न पाहिलेले शब्द असतात, त्यातले काही मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले. ओळखीचे शब्द मूल पाठांतराने म्हणून जातं, अर्थ नसलेला शब्द अक्षरं जुळवूनच वाचावा लागतो. मिनिटात आधी पाच बरोबर येत होते, आता अकरा येतात, हे आईला स्वतःच्या कानांनी ऐकू येतं. मूल टिकतं ते या कागदामुळे. मूल दोन वर्षं टिकलं तर तुमची दहा मुलं भरलेली राहतात. सहा महिन्यांत गेलं तर दरवेळी रिकामी जागा भरेपर्यंत उत्पन्न बुडतं. तुम्ही धीर धराल, पण पालकांना धीर धरायला लावण्याची व्यवस्था सुरुवातीपासून हवी.

प्रत्येक मूल घ्यायचंही नाही. चष्म्याची, कानांची तपासणी झालेली नसेल तर आधी ती करून यायला सांगा. लक्ष न टिकण्याची अडचण मोठी असेल किंवा एकूण बुद्धीच्या वाढीतच उशीर असेल, तर तुमची पद्धत एकटी पुरणार नाही. परीक्षेतल्या सवलतींसाठी लागणारं प्रमाणपत्र शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारी-पालिका व्यवस्थेतून, आठ वर्षांपुढच्या मुलाला मिळतं. ते मिळवून देण्याचं आश्वासन तुम्ही कधीही देऊ नका.

आता तुमच्या घराकडे. आज दोघांचे ९४,००० येतात, ७६,००० जातात, १८,००० उरतात. मार्चमध्ये नोकरी सोडली तर दर महिन्याला १४,००० कमी पडतील. खोली आणि कोर्स वजा जाता एफडीत १,६५,००० राहतात, ते वर्षभरात संपतील. पहिल्या वर्षी तीन मुलं मिळाली तरी खर्च आणि सुट्ट्या जाऊन महिन्याला आठ-दहा हजारच हाती येतील, खड्डा बुजणार नाही. शिवाय पाच वर्षं न भरल्याने ग्रॅच्युइटी जाईल. आणखी दोन वर्षं राहिलात तर सहा वर्षांची साधारण ६९,००० मिळेल. तुमचा या मार्चचा राजीनामा मला सर्वांत जास्त खटकतो तो यामुळे.

एफडीतले ४,५६,००० म्हणजे सहा महिन्यांचा खर्च. तेवढ्याला हात लावू नका. उरलेले १,४४,००० प्रशिक्षणाला. दर महिन्याच्या शिल्लकीतले १०,००० रिकरिंगमध्ये टाका, दोन वर्षांत व्याज सोडून २,४०,००० होतील. खोलीला साडेतीन लाख कशाला? एक टेबल, दोन खुर्च्या, पांढरा फळा, अक्षरांच्या टाइल्स, वाळूचा ट्रे आणि बंद होणारं दार पुरतं. तीस हजारांच्या पुढे जाऊ नका. एसी लागलाच तर पहिल्या वर्षाच्या फीतून घ्या.

दरम्यान मुख्याध्यापिकांना भेटा. वेळापत्रकातच आठवड्याला तीन-चार तासिका अडखळणाऱ्या मुलांसाठी मागा. फी नाही, त्यामुळे कायद्याची अडचण नाही, आणि कोर्समध्ये शिकलेलं हातात बसेल. सहा महिने तेच तेच अक्षर घेताना तुम्हाला कसं वाटतं, हे तिथे पगार चालू असताना कळेल. त्रास होऊ लागला, तर नोकरी हातात असेल.

फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या, हजेरीवर नको. आदल्या दिवशी कळवलं तरच सेशन बदलून द्यायचं. नव्या करप्रणालीत आज बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही आणि जीएसटीची सेवांसाठीची मर्यादा वीस लाख आहे, त्यामुळे कराची चिंता नाही, पण पावतीपुस्तक आणि वेगळं बँक खातं पहिल्या दिवसापासून ठेवा.

दोन वर्षांनी राजीनामा मार्चमध्ये द्या, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना तुमच्या जागा मोकळ्या असतील. पीएफ काढू नका, तसाच राहू द्या. तुमचा आरोग्य विमा शाळेच्या ग्रुप पॉलिसीत असेल तर राजीनाम्याआधी मिस्टरांच्या पॉलिसीत नाव घाला किंवा स्वतंत्र घ्या. आणि घरकर्जाएवढा टर्म इन्शुरन्स मिस्टरांच्या नावावर नसेल, तर तो या महिन्यातच घ्या. काही काळ हप्ता त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालणार आहे.