पोत्यात नत्र किती? पातळी ओळखणारा एक प्रश्न

प्रश्न: चॅटबॉटने समजावण्याआधी एकच प्रश्न विचारून समोरच्याला कितपत माहिती आहे हे ओळखावं, असं करायचंय. कोणता प्रश्न विचारायला लावू?

उत्तर: ‘तुम्ही नवखे की जाणकार?’ एवढं मात्र विचारू नका. शेतकऱ्यांसाठी खतांचा बॉट करताना आम्ही आधी तेच विचारत होतो. वीस वर्षं शेती केलेला माणूस ‘जाणकार’ म्हणायचा, आणि ते खरंच होतं. पण पोत्यावरचे नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे टक्क्यांत असतात, हे त्याला कधी कुणी सांगितलेलं नसायचं.

प्रश्न विषयातलाच हवा, आणि असा की चुकलेल्या उत्तरातूनही गाडी कुठे अडली ते कळावं. समजा कुणी विचारलं, ‘एकराला दहा सव्वीस सव्वीस खताचं एक पोतं टाकलंय, युरिया किती देऊ?’ आमचा बॉट उलट विचारतो, ‘त्या ५० किलोच्या पोत्यात नत्र किती किलो असेल? अंदाजे सांगितलं तरी चालेल.’

‘५ किलो’ असं उत्तर आलं तर थेट हिशेब मांडायचा. एकरी ४० किलो नत्र द्यायचं असेल, तर ५ गेलं, ३५ उरलं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण ७६ किलो युरिया, तोही हप्त्याहप्त्याने.

‘१० किलो’ हे उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हा माणूस आकडे किलोत वाचतोय. त्याच्या हिशेबाने ३० किलो नत्र उरतं, म्हणून तो ६५ किलोच युरिया टाकेल आणि पीक उपाशी राहील. त्याला व्याख्या सांगत बसू नका. तिन्ही आकड्यांची बेरीज करायला सांगा: ६२ होते. ५० किलोच्या पोत्यात ६२ किलो मावेलच कसं? एवढ्यावर टक्क्यांची गोष्ट त्याची त्यालाच उमगते.

‘माहीत नाही’ म्हणाला, तर नत्र, स्फुरद, पालाश या क्रमापासून सुरुवात करायची.

बॉटला दिलेल्या सूचनेचा गाभा एवढाच:

```
पातळी कळत नसेल तरच एक प्रश्न विचार आणि थांब.
उत्तर टाळलं तर पुन्हा विचारू नकोस; आकडा आणि एका ओळीत कारण दे.
विषय बदलला की आधीची पातळी धरू नकोस.
```

‘थांब’ हा शब्द नव्हता तेव्हा बॉट प्रश्न विचारून त्याच दमात सगळं समजावूनही मोकळा व्हायचा. तिसरी ओळ नंतर घातली. खताचा हिशेब अचूक सांगणाऱ्याला मातीच्या सामूबद्दलही, म्हणजे पीएचबद्दलही, बॉट अवघड भाषेत सांगू लागला होता, आणि त्याने लगेच विचारलं, ‘सामू म्हणजे काय?’ पातळी चुकली की पुढचा प्रश्न असा शब्दाच्या अर्थाचा येतो. संभाषणं वाचताना मी आधी तेच शोधतो.