डिलिव्हरी रूटच्या प्रेझेंटेशनला काय प्रश्न विचारू?

प्रश्न: उद्या सोलापुरात कॉलेजमध्ये मित्राचं प्रेझेंटेशन आहे, चादरीच्या दुकानांना माल पोचवायचा सगळ्यात छोटा रूट, हेल्ड-कार्प अल्गोरिदम वापरून. कॉम्प्लेक्सिटी आणि ट्रेड-ऑफवर काय विचारू?

उत्तर: टाइम कॉम्प्लेक्सिटी विचारू नको, ती त्यानं पाठ केलेलीच असणार, `O(n²·2ⁿ)`. मेमरी विचार, तिथं गाडी अडकते बघ. हा अल्गोरिदम दुकानांच्या प्रत्येक गटासाठी उत्तर टेबलात साठवतो म्हणून तर तो फास्ट आहे, 15 ठिकाणं असली तर सगळे क्रम तपासायला 14! म्हणजे 8,700 कोटींच्या वर जातं आणि ह्याचं काम साधारण 74 लाखांत भागतं. पण टेबलात `n·2ⁿ` नोंदी, 25 ठिकाणांना जवळपास 84 कोटी, एकेक 4 बाइटची धरली तरी 3.4 जीबी, आणि 30 केली की 128 जीबीच्या आसपास! म्हणजे वेळ अडचण होण्याआधीच रॅम संपते. डेमो 5 दुकानांचा दाखवला तर सरळ विचार, 30 वर चालवून बघितलंस का?

मग ट्रेड-ऑफ: जवळचं दुकान आधी गाठत गेलं तर मेमरी जवळजवळ लागत नाही, मग तुझ्या डेटावर तो रूट किती लांब पडला? आकडा माग, "थोडा जास्त" चालणार नाही.

शेवटचा माझा आवडता, जानेवारीत गड्डा यात्रेच्या गर्दीत अल्गोरिदमला दिलेलं दुकानांमधल्या अंतरांचं कोष्टक कितपत खरं राहतं? अल्गोरिदम बरोबर असला तरी त्याला दिलेली अंतरंच चुकली तर "सगळ्यात छोटा" रूट कागदावरच छोटा.