हॉस्पिटलच्या बिलांचा डेटा खूप स्क्यूड आहे. लॉग घेऊन साधं रिग्रेशन करू की लॉग लिंकचं गॅमा रिग्रेशन? आणि किमान किती रुग्ण लागतील?

गॅमा. दोन्हीकडे 'लॉग' हा शब्द आहे म्हणून दोन्ही एकच, असं समजणाऱ्यांशी मी वर्षभर भांडले आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मी तेव्हा एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आकडेवारीचं काम बघत होते. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवावी लागते आणि त्यातून गरीब रुग्णांची बिलं भागवायची असतात. पुढच्या वर्षी या निधीवर किती बोजा येईल, ते मला काढायचं होतं. रुग्णाचं वय, वॉर्ड, आयसीयू लागलं का, ऑपरेशन झालं का, एवढी माहिती हाताशी होती. मी गॅमा लावून आकडा दिला. विभागप्रमुख सरांनी कागद परत पाठवला.

"लॉग घे. बेल कर्व्ह येतो, रेसिड्युअल छान दिसतात. गॅमाबिमा कशाला?"

मी म्हटलं, "सर, रेसिड्युअल छान दिसतील, पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं येईल."

"लॉग उलटा फिरवला की रुपये मिळतात. अकरावीचं गणित आहे हे."

पुढे गेला तो त्यांचा आकडा. निधी जानेवारीतच आटला. समाजसेवा विभागातल्या ताई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "अगं, मार्चपर्यंत पुरेल असं तूच लिहिलं होतंस ना?" मी तसं म्हणाले नव्हते, पण कागदावर सही माझी होती. त्यानंतरचे दोन महिने नातेवाइकांना 'निधी शिल्लक नाही' हे सांगायचं काम ताईंच्या वाट्याला आलं. ते मी अजून विसरलेले नाही.

चूक नेमकी कुठे होते ते दहा बिलांवर बघा. आयसीयू न लागलेल्या पाच रुग्णांची बिलं २०, ३०, ४०, ५० आणि ६० हजार. आयसीयूतल्या पाच जणांची ४०, ८०, १६०, ३२० आणि ६४० हजार. पहिल्या गटाची सरासरी ४० हजार, दुसऱ्याची २ लाख ४८ हजार. सगळी बिलं मिळून १४ लाख ४० हजार.

आता लॉग घेऊन साधं रिग्रेशन चालवा आणि उत्तर उलटं फिरवा. पहिल्या गटाला ३७.३ हजार मिळतात, दुसऱ्याला १ लाख ६० हजार. या सरासऱ्या नाहीत, हे भूमितीय मध्य आहेत. पाच-पाच रुग्णांनी गुणलं तर एकूण होतात सुमारे ९ लाख ८६ हजार. साडेचार लाख रुपये हवेत विरले, आणि रेसिड्युअलचा आलेख तरीही सुबक दिसतो. आयसीयूमुळे बिल किती पट होतं, याचंही उत्तर ४.३ पट येतं. रुपयांच्या सरासरीत ते ६.२ पट आहे.

यावर सरांनी नंतर स्मिअरिंग काढलं. ड्युआन यांनी १९८३ मध्ये सुचवलेली ही पद्धत आहे: रेसिड्युअल उलटे फिरवून त्यांची सरासरी घ्यायची आणि प्रत्येक अंदाजाला तिने गुणायचं. आपल्या दहा बिलांत हा गुणक १.३१ येतो. त्याने गुणलं की पहिला गट ४८.९ हजारांवर जातो आणि दुसरा सुमारे २ लाख १० हजारांवर थांबतो. म्हणजे साध्या वॉर्डातल्याचं बिल फुगवलं, आयसीयूतल्याचं कापलं. कारण आयसीयूतली बिलं लॉगच्या मापातही जास्त विखुरलेली आहेत आणि एकच गुणक दोघांना बसत नाही. हॉस्पिटलच्या डेटात हा विखुरलेपणा नेहमीचाच, त्यामुळे स्मिअरिंगवर मी विसंबत नाही. गटागटाचा वेगळा गुणक काढता येतो, पण वय हे सलग चल आलं की गट कसे पाडणार?

लॉग लिंकच्या गॅमात आपण बिलांचा लॉग घेतच नाही. लॉग घेतो तो सरासरीचा. त्यामुळे वरच्या उदाहरणात गॅमा थेट ४० हजार आणि २ लाख ४८ हजार देतं, आणि आयसीयूच्या सहगुणकाचा घातांक घेतला की ६.२ येतो. गॅमाचं गृहीतक असं की सरासरी जितकी मोठी, तितक्याच प्रमाणात विखुरणंही मोठं. म्हणून ४० हजारांच्या अंदाजात १० हजारांची चूक आणि २ लाख ४८ हजारांच्या अंदाजात ६२ हजारांची चूक ते सारख्याच वजनाने मोजतं. बिलांच्या बाबतीत हे मला पटतं.

आर वापरत असाल तर लिंक स्वतः लिहा. न लिहिल्यास तिथे इन्व्हर्स लिंक लागते, सहगुणकांची चिन्हं उलटी येतात आणि माणूस दिवसभर डेटात चूक शोधत बसतो.

```r
library(sandwich); library(lmtest)
m <- glm(bill ~ icu + age, family = Gamma(link = "log"), data = d)
coeftest(m, vcov. = vcovHC(m))
predict(m, newdata = d2, type = "response")
```

तिसरी ओळ गाळू नका. विखुरण्याचं गृहीतक चुकलं तरी, सरासरीचं समीकरण बरोबर असेल तर, गॅमाचे सहगुणक ढळत नाहीत. स्टँडर्ड एरर मात्र खोटे ठरतात, आणि ही ओळ ते सावरते. आमच्या दहा बिलांतही ते गृहीतक नीट बसत नाहीच. ते तपासायला पार्क टेस्ट करा: रेसिड्युअलच्या वर्गाचा लॉग घ्या आणि तो अंदाजाच्या लॉगवर बसवा. उतार २ च्या आसपास आला तर गॅमा ठीक, १ च्या जवळ आला तर पॉयसनसारखं मॉडेल बघा.

सरांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे, ती सांगते. लॉगच्या मापातही शेपटी फार जड असेल तर गॅमाचे अंदाज डळमळतात आणि लॉगवालं साधं रिग्रेशन जास्त स्थिर राहतं. मॅनिंग आणि मुल्लाही यांनी २००१ मध्ये हे दाखवलं आहे. शिवाय तुम्हाला रुपयांची बेरीज नको असेल, फक्त नेहमीच्या रुग्णाचं बिल किती टक्क्यांनी बदलतं एवढंच हवं असेल, तर लॉग घ्या. शून्य रुपयांची बिलं असतील तर गॅमा चालणारच नाही. आधी बिल झालं की नाही याचं लॉजिस्टिक मॉडेल करा आणि झालेल्या बिलांवर गॅमा. शून्यात १ मिळवून लॉग घेऊ नका.

किती रुग्ण लागतील, याला एक आकडा देणार नाही. एकूण रुग्णांपेक्षा महागडे रुग्ण किती, ते मोजा. वरच्या दहांतलं ६ लाख ४० हजारांचं एक बिल काढलं तर ६.२ पट हे उत्तर ३.७५ वर येतं. तुमच्या डेटातली सर्वांत मोठी पाच बिलं एकेक करून काढा आणि मॉडेल पुन्हा चालवा. उत्तर इतकं हलत असेल तर आयसीयूतले रुग्ण अजून गोळा करावे लागतील.

आणि तुमचे गाइड लॉगवरच अडून बसले, तर त्यांच्यापुढे ही दहा बिलं ठेवा आणि साडेचार लाख कुठे गेले ते विचारा. मी सरांपुढे समीकरणं ठेवली होती. ही बिलं ठेवायला हवी होती.